विश्लेषण : पॅनिक अटॅक आला की वाचायचे कार्ड... स्वतःसाठी ते कसे लिहावे?

छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, घशाशी काहीतरी अडकल्यासारखे वाटणे आणि ‘आता आपले काही खरे नाही’ ही खात्री. पॅनिक अटॅक म्हणजे भीतीचा हा झटका काही मिनिटांत टोकाला जातो आणि ओसरतो. मात्र ती काही मिनिटे कशी काढायची, हे त्या क्षणी सुचत नाही. म्हणून अनेक मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक रुग्णाला आधीच एक छोटे कार्ड लिहायला सांगतात. त्यावर काय करायचे, कोणाला फोन करायचा आणि कोणती गोष्ट स्वतःला आठवून द्यायची, एवढेच असते. काम सोपे वाटते, पण बहुतेकांचे पहिले कार्ड ऐन वेळी उपयोगी पडत नाही. असे का होते आणि उपयोगी पडेल असे कार्ड कसे लिहायचे, याविषयी...

कार्डाची गरजच का पडते?

कार्डावर लिहायच्या बहुतेक गोष्टी माणसाला माहीत असतात. घरी सोफ्यावर बसून विचारले तर तो नीट सांगेल, की आपल्याला पॅनिक अटॅक येतात, ते थोड्या वेळात जातात, डॉक्टरांनी हृदय ठणठणीत असल्याचे सांगितले आहे. तीव्र भीतीत मात्र मेंदूचा विचार करणारा, क्रम लावणारा भाग मागे पडतो आणि धोक्याची घंटा वाजवणारा भाग पुढे येतो. दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरून त्यांची तुलना करणे तेव्हा कठीण जाते. माहिती डोक्यात असते, पण ती वर येत नाही.

विमानचालनाला हा धडा ९० वर्षांपूर्वी मिळाला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात बोइंग कंपनीचे नवे लष्करी विमान चाचणीसाठी उडाले आणि लगेच कोसळले. वैमानिक अनुभवी होता. जमिनीवर असताना वाऱ्याने विमानाचे पंखे-सुकाणू हलू नयेत म्हणून लावलेला अडसर उड्डाणाआधी काढायचा राहून गेला होता. त्यानंतर वैमानिकांच्या हाती छापील यादी आली. कौशल्य असलेल्या माणसालाही ताणाखाली एखादी पायरी आठवेलच असे नाही, हे त्यामागचे गृहीत. भीतीचे कार्ड याच जातीचे आहे. ते शिकवण्यासाठी नसते, आठवण्याचे काम आपल्या वतीने कागदावर सोपवण्यासाठी असते.

झटक्यात शरीरात नेमके काय घडते?

हे समजले नाही तर कार्डावर चुकीच्या ओळी येतात. ऑक्सफर्डमधील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचे जे स्पष्टीकरण मांडले, त्यावर आजचे बरेच उपचार उभे आहेत. त्यांच्या मते झटक्याच्या मुळाशी शरीरातील संवेदना एकटी नसते, तिचा आपण लावलेला भयंकर अर्थ असतो. जिना चढल्याने, चहाने किंवा उकाड्याने हृदयाचे ठोके वाढतात. मन म्हणते, ‘हार्ट अटॅक!’ या विचाराने भीती वाढते, भीतीने ठोके आणखी वाढतात आणि मनाला वाटते, पाहा, आपला अंदाज खराच होता. हे चक्र काही फेऱ्यांतच शिगेला जाते.

त्यात श्वासाची भर पडते. घाबरलेला माणूस भराभर आणि छातीतून श्वास घेतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि डोके हलके होते, ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात. गंमत अशी, की हवा जास्त घेतली जात असताना माणसाला वाटते हवा कमी पडते आहे. म्हणून तो आणखी जोरात श्वास ओढतो.

चक्कर आल्यासारखे वाटले तरी पॅनिकमध्ये माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. बेशुद्ध पडण्यासाठी रक्तदाब खाली यावा लागतो, भीतीत तो सहसा वाढलेला असतो. रक्त किंवा इंजेक्शन पाहून ज्यांना भोवळ येते, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा रक्तदाब खरोखर घसरतो आणि त्यांना वेगळे तंत्र शिकवावे लागते.

कार्ड लिहिण्याआधी कोणती खात्री हवी?

कार्डावरची पहिली ओळ ‘हे पॅनिक आहे’ अशी असते. ती खरी असल्याची खात्री आधी डॉक्टरांकडून करून घ्यावी लागते. थायरॉइडचा वाढलेला स्राव, रक्तक्षय, दमा, हृदयाच्या लयीतील काही बिघाड यांतही धडधड आणि घाबरेपणा येतो. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरली तर घाम, थरथर आणि भीती हुबेहूब पॅनिकसारखी असते. अशा व्यक्तीच्या कार्डावर सर्वांत वर ‘आधी साखर तपास, ७० च्या खाली असेल तर गोड खा’ ही ओळ हवी, बाकी सगळे त्यानंतर.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनाच विचारून घ्यावे, की माझ्या बाबतीत कोणती लक्षणे दिसली तर कार्ड बाजूला ठेवून रुग्णवाहिका बोलवायची? साधारणपणे छातीवर दाब आल्यासारखे दुखणे जे हात, जबडा किंवा पाठीकडे सरकते, चालताना-चढताना वाढणारे दुखणे, १५-२० मिनिटांनंतरही न ओसरणारी तीव्र वेदना, खरोखर शुद्ध हरपणे, किंवा तोंड वाकडे होऊन एका बाजूचा हात लुळा पडणे या गोष्टी त्यात येतात. या ओळी कार्डाच्या मागच्या बाजूला, वेगळ्या शाईने. पुढच्या बाजूला त्या आल्या तर प्रत्येक झटक्यात माणूस आधी स्वतःच्या जबड्याची तपासणी करत बसतो आणि घाबरण्याला नवे कारण मिळते.

पहिला मसुदा कुठे चुकतो?

एक काल्पनिक, पण रोजच्या पाहण्यातले उदाहरण घेऊ. डोंबिवलीला राहणारी, दादरच्या एका कार्यालयात हिशेब पाहणारी ३८ वर्षांची स्त्री. सकाळच्या जलद लोकलमध्ये डोंबिवली सुटल्यावर तिला पहिला झटका आला. ठाणे येईपर्यंतची पंधरा-वीस मिनिटे तिने कशीबशी काढली, ठाण्याला ती उतरली आणि बाकावर बसताच बरे वाटले. ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या, काही निघाले नाही. पुढच्या दोन महिन्यांत असे आणखी तीन झटके आले. तिने कार्ड लिहिले :

शांत राहा.
घाबरू नकोस.
खोल श्वास घे.
काही होणार नाही.
आईला फोन कर.
ठाण्याला उतर.

वाचताना सगळे शहाणपणाचे वाटते. पण एकेक ओळ तपासून पाहू.

‘शांत राहा’ ही कृती नाही, तो परिणाम आहे. हाताला सांगता येते खाली ये, हृदयाला सांगता येत नाही हळू चाल. सांगूनही ते ऐकत नाही तेव्हा माणूस आणखी हबकतो. ‘घाबरू नकोस’ची तीच गत. ‘खोल श्वास घे’ तर थेट उलट काम करू शकते, कारण आधीच जास्त होत असलेला श्वास त्याने आणखी वाढतो. ‘काही होणार नाही’ ही ओळ इतकी मोघम आहे, की घाबरलेले मन तिच्यावर विश्वास ठेवत नाही. लहान मुलाला समजावण्यासाठी वापरतो तसे हे वाक्य, आणि मुलेही त्याला फसत नाहीत.

शेवटच्या दोन ओळी जास्त गंभीर आहेत. ठाण्याला उतरल्यावर बरे वाटले हे खरे, पण तोवर झटका सुरू होऊन वीस मिनिटे होत आली होती, म्हणजे तो तसाही ओसरणार होता. मेंदूने मात्र वेगळा हिशेब नोंदवला : उतरले म्हणून वाचले. पुढच्या वेळी ठाण्याच्या पुढे जायची भीती वाढते. मग जलदऐवजी धीमी लोकल, मग गर्दीची वेळ टाळणे आणि शेवटी रजा. मानसशास्त्रात अशा बचावाच्या सवयींचा बराच अभ्यास झाला आहे. पाण्याची बाटली धरून बसणे, दाराजवळच उभे राहणे, सतत नाडी मोजणे, सोबत कोणीतरी हवेच असणे, या सगळ्या सवयी तात्पुरता दिलासा देतात. ‘यामुळेच वाचलो’ ही समजूत मात्र त्या घट्ट करतात. तिचे पहिले कार्ड अशा सवयींचीच यादी होते.

मग दुरुस्त कार्ड कसे असते?

समुपदेशकासोबत बसून तिने ते पुन्हा लिहिले. पुढच्या बाजूला एवढेच :

दारापासून आत सरक. दांडी धर.
हे पॅनिक आहे. पाचवी वेळ. चारही वेळा गेले.
घड्याळ बघ. सुरू : ____
धडधड = भीतीचा रस. ईसीजी नीट होता.
चक्कर वाटते, पण तू पडत नाहीस. चारदा पडली नाहीस.
खांदे खाली. श्वास हळू सोड, सहापर्यंत मोज.
येऊ दे. ढकलू नकोस.
पुढचं स्टेशन कुठलं? पाटी वाच. दादरलाच उतरायचं.

पहिली ओळ भीतीविषयी नाही, जागेविषयी आहे. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला घेरी आल्यासारखे वाटत असेल तर आधी आत सरकायला हवे. तो खरा धोका आहे आणि खरा धोका आधी दूर करायचा असतो. स्कूटर चालवणाऱ्याच्या कार्डावर इथे ‘इंडिकेटर दे, कडेला घे’ असेल, स्वयंपाक करताना झटके येणाऱ्याच्या कार्डावर ‘गॅस बंद’.

दुसरी ओळ नाव देते आणि लगेच पुरावा जोडते. ‘काही होणार नाही’ आणि ‘चारही वेळा गेले’ यांत मोठा फरक आहे. पहिले आश्वासन आहे, दुसरी नोंद आहे. झटक्यात मन आश्वासनाशी वाद घालते, स्वतःच्या नोंदीशी वाद घालणे त्याला जड जाते. म्हणून दर झटक्यानंतर हा आकडा खोडून नवा लिहायचा. खाडाखोडीने कार्ड कुरूप होते आणि तेवढेच खात्रीलायक होते.

घड्याळाची ओळ सर्वांत साधी, पण तिचे काम मोठे आहे. झटक्यात काळ ताणला जातो, दोन मिनिटे अर्ध्या तासासारखी वाटतात. वेळ लिहून ठेवली की ‘हे कधीच संपणार नाही’ या वाटण्यासमोर घड्याळ उभे राहते. भीतीचे टोक बहुधा दहा मिनिटांच्या आत येऊन जाते. त्यानंतर उरते ती थरथर आणि थकवा, जो बराच वेळ राहू शकतो. हे माहीत नसले तर उरलेल्या थकव्यालाच माणूस नवा झटका समजतो.

‘येऊ दे’ ही ओळ अनेकांना खटकते. घालवायचे सोडून येऊ कसे द्यायचे? ऑस्ट्रेलियातील डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी १९६२ मध्ये सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात याच सल्ल्याभोवती उपाय उभा केला होता : सामोरे जा, स्वीकारा, तरंगत राहा, वेळ जाऊ द्या. ज्याला समुद्रात पोहता येते त्याला हे कळेल. मोठी लाट आली की तिला छातीने अडवायचे नसते, अंग सैल सोडायचे असते. भीतीशी झुंजताना स्नायू आवळले जातात, श्वास चढतो, म्हणजे भीतीला आणखी इंधन मिळते.

शेवटची ओळ माणसाला पुन्हा बाहेरच्या जगात आणते. झटक्यात सगळे लक्ष शरीराच्या आत वळलेले असते. स्टेशनच्या पाट्या वाचणे हे लक्ष दुसरीकडे पळवण्यासाठी नाही, आपण करत होतो तेच पुढे चालू ठेवण्यासाठी आहे. म्हणून तिथे दादरचे नाव आहे.

श्वासाची ओळ ठेवावी का?

याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. श्वास घेण्यापेक्षा सोडणे लांबवावे, म्हणजे चार मोजून नाकाने आत आणि सहा मोजून बाहेर, ही सर्वसाधारण पद्धत. पोट हलावे, छाती नाही. यामुळे कार्बन डायऑक्साइडची पातळी पूर्ववत व्हायला मदत होते आणि मुंग्या कमी होतात. पण २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पॅनिकच्या उपचारांतून श्वासाचा सराव वगळून पाहिला, तेव्हा निकालात फारसा फरक पडला नाही. काहींच्या बाबतीत तर श्वास ‘बरोबर’ घेण्याची धडपड हीच नवी बचावाची सवय होते. त्यामुळे ही ओळ एकच असावी आणि मधे कुठेतरी असावी, हे बरे. जिला श्वासाकडे लक्ष दिले की जास्त गुदमरते, तिने ती खुशाल काढावी.

एक जुना उपाय मात्र कार्डावर नकोच. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा. सिनेमांत तो अजून दिसतो. दमा किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला तो धोक्याचा आहे, कारण पिशवीत प्राणवायू कमी होत जातो, आणि गर्दीत कोणाला नेमके काय झाले आहे हे ठरवणार कोण?

गोळीचे काय? डॉक्टरांनी ‘गरज पडल्यास’ म्हणून गोळी दिली असेल तर कधी आणि किती घ्यायची हे त्यांच्याच शब्दांत लिहावे, स्वतःच्या अंदाजाने नाही. पोटातून घेतलेली गोळी रक्तात पोहोचून काम सुरू करायला साधारण अर्धा तास तरी जातो. तोवर झटक्याचे टोक उलटलेले असते. श्रेय मात्र गोळीला जाते आणि पुढच्या वेळी पर्समध्ये गोळी नाही म्हणून झटका येतो. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागू शकते, हे वेगळेच.

फोन कोणाला आणि कधी करायचा?

कार्डाच्या मागच्या बाजूला तिने आधी आईचे नाव लिहिले होते. आईला फोन गेला, की ती घाबरते, ‘तू आत्ताच्या आत्ता उतर, मी येते’ म्हणते. माया खरी, पण फोनच्या दोन्ही टोकांना घाबरलेली माणसे असून चालत नाही. संपर्कासाठी माणूस निवडताना कोण सर्वांत जवळचे, यापेक्षा कोणाचा आवाज चढत नाही, हे पाहावे. तिने ऑफिसातली एक मैत्रीण आणि धाकटा दीर अशी दोन नावे ठेवली. दोघांना आधी विचारले आणि कार्डाचा फोटोही पाठवला.

त्यांना काय बोलायचे हेही ठरवून दिले. ‘टेन्शन घेऊ नकोस’, ‘सगळं तुझ्या मनात आहे’ ही वाक्ये बाद. त्याऐवजी तीनच प्रश्न : ‘किती वाजता सुरू झालं? कार्डावर कुठल्या ओळीवर आहेस? पुढचं स्टेशन कुठलं?’ स्वतःसाठीही तिने बोलायचे वाक्य लिहून ठेवले, कारण झटक्यात शब्द सापडत नाहीत : ‘वहिनी बोलतेय, मला पॅनिक आलंय, दोन मिनिटं लाइनवर राहा.’ गाडीतल्या अनोळखी बाईला दाखवता येईल अशी एक ओळही आहे : ‘मला भीतीचा झटका आला आहे, थोड्या वेळात जाईल, फक्त शेजारी थांबा.’

फोनची वेळ जर-तर पद्धतीने लिहिली आहे. ‘दहा मिनिटांनंतरही भीती चढतच असेल, तर मैत्रिणीला फोन.’ अशी अट घातल्याने ‘करू की नको’ हा विचार त्या क्षणी करावा लागत नाही आणि पहिल्या धडधडीला हात फोनकडे जात नाही. त्याखाली टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, ती मोफत आणि २४ तास आहे आणि मराठीतही बोलता येते. रेल्वेत मदत लागली तर १३९. आणि वेगळ्या शाईने, डॉक्टरांनी सांगितलेल्या लक्षणांसमोर, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सर्व प्रकारच्या आणीबाणीसाठी ११२.

कागदावर लिहावे की मोबाइलवर?

दोन्हीकडे, पण आधी कागदावर. मोबाइल उघडला की सूचना दिसतात, बोटे थरथरत असताना कुलूप उघडत नाही आणि सर्वांत मोठा सापळा म्हणजे लक्षणे शोधण्याचा मोह. छातीत धडधड असे टाइप केले की समोर येणाऱ्या दहा उत्तरांपैकी एखादे तरी भयंकर असतेच. कागदाचे कार्ड आधार कार्डाच्या आकाराचे असावे, म्हणजे पास ठेवतो त्या कप्प्यात बसते. पुढे सात-आठ ओळींहून जास्त नकोत, आणि अक्षर असे मोठे, की चष्म्याशिवाय, हलत्या डब्यात वाचता यावे. चाळीशी आलेल्यांनी ही चाचणी जरूर घ्यावी. मोबाइलवर त्याचाच फोटो, शक्यतो लॉक स्क्रीनवर. ज्यांना झोपेतून दचकून उठवणारे झटके येतात, त्यांनी एक प्रत उशाशी, दिव्याच्या बटणाजवळ ठेवावी.

भाषा आपण स्वतःशी बोलतो तीच असावी. छापील पुस्तकी मराठी इथे कामाची नाही. घरात मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्याने त्याच बोलीत लिहावे. वरच्या कार्डातला ‘भीतीचा रस’ हा शब्द वैद्यकीय नाही, तिला अॅड्रेनॅलिन या शब्दाने काही वाटत नव्हते म्हणून तिने तो निवडला.

लिहून ठेवले की काम संपले का?

नाही. सरावाशिवाय कार्ड झटक्यात अनोळखी वाटते. पहिला आठवडा रोज शांत असताना दोनदा वाचायचे, एकदा मोठ्याने. त्यानंतर समुपदेशक मुद्दाम झटक्यासारख्या संवेदना आणायला लावतात : जागच्या जागी मिनिटभर धावणे, फिरत्या खुर्चीत गोल फिरणे, स्ट्रॉमधून श्वास घेणे. ठोके वाढले, डोके गरगरले की कार्ड काढून वाचायचे आणि धडधड कशी आपोआप उतरते ते पाहायचे. हृदयविकार, दमा, अपस्मार किंवा गर्भारपण असेल तर हा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

मग खरा प्रवास. तिने रविवारी ठाणे ते मुलुंड असे एकच स्टेशन आधी केले, नंतर ठाणे ते घाटकोपर, आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळची नेहमीची जलद गाडी. दर वेळी घरी आल्यावर कार्डामागच्या छोट्या वहीत तीन रकाने भरले : काय होईल वाटले होते, काय झाले, किती मिनिटे. जलद गाडीच्या नोंदीत ‘बेशुद्ध पडेन’ असे भाकीत आहे आणि समोर ‘घाम आला, कुर्ला आले तेव्हा कमी, ९ मिनिटे’.

कार्ड कुठे कामाचे नाही?

जिथे भीतीला खरे कारण आहे, तिथे. घरात मारहाण होत असलेल्या स्त्रीची धडधड हा चुकीचा अर्थ नाही, ती खरी सूचना आहे. तिला ‘येऊ दे’ म्हणणारे कार्ड नको, सुरक्षित जागा आणि महिला हेल्पलाइनचा १८१ क्रमांक हवा. तसेच जगणे नकोसे वाटत असेल तर हे कार्ड पुरे पडत नाही. त्यासाठी वेगळी सुरक्षा योजना असते, जिच्यात धोक्याच्या वस्तू दूर ठेवण्याची पायरीही असते, आणि ती तज्ज्ञासोबतच लिहायची असते. तोवर १४४१६ वर बोलता येते, जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.

झटके वारंवार येत असतील, महिनाभर ‘पुढचा कधी येईल’ हीच धास्ती असेल किंवा त्यापायी जाणे-येणे कमी झाले असेल, तर तो पॅनिक डिसऑर्डर असू शकतो. त्यावर विचार-वर्तन उपचारपद्धती आणि औषधे असे परिणामकारक उपचार आहेत. कार्ड हा त्या उपचारांचा तुकडा आहे, पर्याय नाही.

कार्डच ताईत झाले तर?

ही अडचण खरी आहे आणि तिची सूचना लवकर मिळते. कार्ड विसरले म्हणून माणूस अर्ध्या वाटेतून परत फिरतो. झटका नसतानाही पर्समध्ये हात घालून ते आहे ना, हे चाचपतो. किंवा ते वाचतो, पण मंत्रासारखे, भराभर, पुन्हा पुन्हा. अशा वेळी ‘मी झटका सोसू शकते’ ही शिकवण मागे पडते आणि ‘कार्ड आहे म्हणून वाचते’ ही नवी समजूत तयार होते. आधी ठाणे स्टेशन जे काम करत होते, ते आता कागद करू लागतो.

यावर उपाय म्हणजे कार्ड टप्प्याटप्प्याने लहान करणे. महिनाभर नेहमीचा प्रवास चालू राहिला की आठ ओळींच्या चार कराव्यात, मग दोन. श्वासाची ओळ सहसा आधी गळते, पुराव्याची शेवटी. त्यानंतर एखाद्या दिवशी ते मुद्दाम घरी ठेवून निघायचे, आणि तेही वहीत लिहायचे. तिच्या वहीतल्या त्या दिवसाच्या नोंदीत पहिल्या रकान्यात ‘कार्ड नाही, मुलुंडला येईल’ असे आहे. दुसऱ्या रकान्यात ‘आले. विक्रोळीला कमी. कार्डातल्या तीन ओळी आठवल्या, बाकीच्या नाही’. तिसऱ्यात ‘७ मिनिटे’.